आज रात्री साडेनऊला वीज कापणार!

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी चार मिनिटांची चित्रफीत करायचं ठरलं, तेव्हा फसवणुकीचे दहा प्रकार दाखवा, असा आग्रह झाला. पटकथा लिहिताना मी एकच प्रकार घेतला, वीजबिलाचा. दहा प्रकार पाहिलेला माणूस घरी पोहोचेपर्यंत नऊ विसरतो.

पहिला प्रसंग. संध्याकाळचे सात. सत्तरीतले काका, निवृत्त मुख्याध्यापक. आतल्या खोलीत काकूंचं वाफ घ्यायचं यंत्र चालू आहे. मोबाईलवर संदेश येतो : ‘मागील बिल अपडेट न झाल्याने आज रात्री 9.30 वाजता वीजपुरवठा खंडित केला जाईल. त्वरित अधिकाऱ्यांशी संपर्क साधा.’ खाली दहा आकडी मोबाईल नंबर. काकांनी बिल भरलंय, पावती टेबलाच्या खणात आहे. तरी आतून येणारी घरघर ऐकत ते फोन लावतात.

“अहो, मी बिल भरलंय. पावती आहे माझ्याकडे.”

“हो काका, भरलंय तुम्ही. सिस्टिमला अपडेट झालं नाही, एवढंच. लाइनमन निघालाय, मी थांबवतो त्याला. तुम्ही फक्त दहा रुपये भरा, म्हणजे बिल अपडेट होईल.”

इथे दिग्दर्शकाला माझी सूचना आहे : पलीकडच्या माणसाचा आवाज गोड आणि अदबीचा हवा, आणि काका कुठेही बावळट दिसता कामा नयेत. बावळट माणूस दाखवला की बघणारा म्हणतो, ‘मी नाही असा’, आणि पुढचं ऐकतच नाही.

दुसऱ्या प्रसंगात व्हॉट्सॲपवर एक फाइल येते. नावाच्या शेवटी .apk. “काका, हे उघडा, इन्स्टॉल करा, जे विचारेल त्याला ‘अलाऊ’ म्हणा.” इथे चित्र थांबतं आणि निवेदक सांगतो : काकांनी आत्ता या ॲपला आपले मेसेज वाचायची परवानगी दिली. यापुढे बँकेचा ओटीपी काकांना येईल आणि त्याच क्षणी त्या माणसालाही जाईल. काकांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही तरी.

ॲपमध्ये दहा रुपये भरायचा फॉर्म उघडतो. काका चष्मा सावरत कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे भरतात. दहा रुपये हे निव्वळ निमित्त होतं, त्याला हवे होते ते हे आकडे. ओटीपीचा मेसेज येतो. कॅमेरा अगदी जवळ न्यायचा, कारण त्या मेसेजमध्ये रक्कम लिहिलेली असते : 49,800 रुपये. काकांचं लक्ष मात्र घड्याळाकडे.

आता तोच प्रसंग पुन्हा पहिल्यापासून. या वेळी संदेश वाचून काका मोबाईल टेबलावर पालथा ठेवतात आणि बिलावर छापलेल्या 1912 या क्रमांकावर फोन करतात. निवेदक दोन गोष्टी सांगतो. विद्युत अधिनियम 2003च्या कलम 56 नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ‘आज रात्री’ हा शब्दच खोटा. आणि महावितरणचे संदेश MSEDCL असं नाव असलेल्या आयडीवरून येतात, कुणाच्या खासगी मोबाईलवरून नव्हे. माझ्या मते सगळ्या चित्रफितीत ही पंधरा दिवसांची गोष्ट सर्वांत मोलाची आहे. तंत्रज्ञान न कळणाऱ्यालाही कायदा कळतो, आणि कायदा कळला की भीती ओसरते.

शेवटचा भाग, ज्यांचे पैसे गेलेच त्यांच्यासाठी. मोबाईलचं इंटरनेट लगेच बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड बंद करा, बँकेचा नंबर कार्डाच्या मागे असतो. मग 1930 लावा. पैसे कुठल्या खात्यात गेले ते शोधून तिथेच रोखण्याची खटपट तिथून सुरू होते. चोर ती रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवत असतो. ती रोखीनं काढली गेली की परत मिळणं फार अवघड, म्हणून मुलाची वाट बघत बसू नका. रिझर्व्ह बँकेच्या 2017च्या नियमांत असंही आहे की, ग्राहकानं स्वतःच माहिती दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, आणि कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं. रागावतील म्हणून घरच्यांपासून लपवलेला एकेक तास असा पैशात मोजला जातो.

घरातल्या मुला-सुनांना विनंती आहे : बाबांचे पैसे गेले, तर आधी 1930 लावून द्या. ‘असं कसं केलंत?’ हे त्या दिवशी विचारू नका.