“चित्र येतंय ना, मग झालं!” : जुना टीव्ही घेताना होणारे गैरसमज

गैरसमज : दुकानात लावून बघितला, चित्र क्लिअर होतं, म्हणजे टीव्ही चांगला.

पेडगावहून परभणीला जाऊन जुना एलईडी टीव्ही आणणाऱ्यांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता चीड येते. दुकानदार काय लावतो? भडक रंगांचं गाणं, नाहीतर क्रिकेटची मॅच. सतत हलणाऱ्या रंगीत चित्रात पडद्याचे दोष डोळ्याला सापडतच नाहीत. घरी आणून रात्री बातम्या लावल्या, की निवेदकाच्या मागच्या भिंतीवर डाग दिसतात आणि मग भांडण सुरू होतं.

वस्तुस्थिती : पडदा तपासायचा तो हलत्या चित्रावर नाही, एकाच रंगाच्या स्थिर चित्रावर. पांढरा, राखाडी, काळा, लाल, हिरवा आणि निळा असे सहा कोरे फोटो पेनड्राइव्हवर घ्या आणि टीव्हीच्या यूएसबीला लावून एकेक पडदाभर पाहा. यूएसबी पोर्टची परीक्षाही त्यातच होते. आधी चित्राची सेटिंग ‘स्टँडर्ड’वर आणा आणि बॅकलाइट पूर्ण वाढवा, कारण दोष झाकायला तो बऱ्याचदा कमी करून ठेवलेला असतो.

समजा, ३२ इंची टीव्ही समोर आहे. पांढऱ्या पडद्यावर दोन-तीन ठिकाणी गोल, जास्त उजळ ठिपके दिसले, तर आतल्या पट्टीवरच्या एलईडीची प्रकाश पसरवणारी भिंगं निखळली आहेत. पडदा निळसर-जांभळा दिसला, तर उष्णतेने एलईडीवरचा पिवळा थर खराब झाला आहे. आडवा अंधारा पट्टा म्हणजे पट्टीवरचे काही दिवे गेलेत. हे तिन्ही दोष बॅकलाइटचे. पट्ट्या बदलून मिळतात, त्यामुळे तो खर्च किमतीतून कापून घेता येतो.

राखाडी पडद्यावर बारीक उभी रेघ दिसली, तर मात्र थांबा. ती बहुतेक वेळा काचेच्या कडेला चिकटवलेल्या लवचीक पट्टीचा सांधा सुटल्याची खूण असते. हा सांधा साध्या दुरुस्तीच्या दुकानात नीट होत नाही आणि नवं पॅनल टाकायला गेलात, तर खर्च अनेकदा नव्या टीव्हीच्या जवळ जातो. कडेला थाप मारल्यावर रेघ गेली म्हणून समाधान मानू नका, ती परत येते. काळ्या पडद्यावर कोपऱ्यातून थोडा उजेड झिरपणं साधारण मानायला हरकत नाही. लाल, हिरव्या आणि निळ्यावर मेलेले ठिपके शोधा.

आणि हे सगळं पाच मिनिटांत उरकू नका. सैल सांधा किंवा मरायला टेकलेला दिवा गरम झाल्यावरच बोलतो. टीव्हीच्या पाठीला हात लावून तो थंड असल्याची खात्री करा, मग सुरू करून अर्धा तास चालू ठेवा. मध्येच पडदा काळा झाला आणि आवाज चालू राहिला, तर टॉर्च पडद्यालगत धरा. चित्र पुसट दिसलं, तर गेलाय तो बॅकलाइट.

गैरसमज : एक एचडीएमआय चालला म्हणजे सगळे पोर्ट ठीक.
प्रत्येक पोर्ट वेगळा असतो आणि वीज पडल्यावर डिशच्या केबलमधून आलेल्या झटक्याने त्यातला एखादाच जळू शकतो. घरचा सेट-टॉप बॉक्स सोबत न्या. फ्री डिशचा बॉक्स लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांचा असेल, तर टीव्हीला तशी जागा आहे का, की एका छोट्या छिद्रासाठी वेगळी केबल लागते, तेही पाहा.

गैरसमज : रिमोट काय, बाजारात कोणताही मिळतो.
साधा रिमोट मिळतो. आवाजी आज्ञा घेणारा ब्लूटूथने जोडावा लागतो आणि त्याच मॉडेलला चालणारा हवा. साध्या रिमोटचं टोक मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. कॅमेऱ्यात दिवा लुकलुकतोय, पण टीव्ही ऐकत नाही, तर दोष टीव्हीच्या रिसीव्हरमध्ये असण्याची शक्यता मोठी.

गैरसमज : लॉक फक्त मोबाइलला असतं.
२०२१ साली दक्षिण आफ्रिकेत दंगलीत गोदामातून टीव्ही लुटले गेले, तेव्हा सॅमसंगने स्वतः जाहीर केलं की इंटरनेटला जोडताच अनुक्रमांक ओळखून ते बंद पाडता येतात. आपल्याकडे जास्त भेटतात ते जुन्या मालकाचा पिन आणि हॉटेलातून निघालेले टीव्ही. हॉटेलच्या सेटिंगमध्ये आवाज ठराविक आकड्यापुढे जात नाही किंवा मेनूचा काही भाग उघडत नाही. म्हणून विकणाऱ्याला तुमच्यासमोर फॅक्टरी रीसेट करायला लावा, आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा आणि यूट्यूब सुरू होईपर्यंत थांबा. मेनूतला मॉडेल क्रमांक पाठीवरच्या लेबलशी जुळतो का, तेही तेव्हाच पाहा. पैसे त्यानंतर द्या. रीसेटला जो नकार देतो, त्याच्याकडून टीव्ही घेऊ नका.