घडीची सोलर प्लेट आणि साल्हेरचा मुक्काम : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

नामपूरच्या आसपास मोसम खोऱ्यात शेतातल्या विहिरीवर किंवा शेततळ्याच्या काठी सोलर प्लेटांची रांग आता नवलाची राहिलेली नाही. पीएम-कुसुम योजनेतून आलेल्या पंपांमुळे ‘प्लेट’ हा शब्द कांद्याच्या चाळीइतकाच घरगुती झाला आहे. या परिचयाचा लाभ असा की सूर्यापासून वीज मिळते हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही; परंतु त्याच परिचयातून काही समजुती अशाही रूढ झाल्या आहेत की ज्या शेतातल्या स्थिर पंपापुरत्या खऱ्या असल्या, तरी डेऱ्याबरोबर नेण्याच्या घडीच्या प्लेटेस आणि तिच्या जोडीच्या पॉवर स्टेशनास लागू पडत नाहीत. साल्हेर, मुल्हेर, मांगी-तुंगी या सेलबारी-डोलबारी रांगेतल्या स्थळी दोन-तीन दिवसांचा मुक्काम करू इच्छिणारी मंडळी बाजारात जाऊन प्रथम विचारतात ते ‘किती वॅटची प्लेट घ्यावी’ हे. वस्तुतः हा प्रश्न शेवटचा आहे, आणि तो प्रथम विचारल्यामुळेच बहुतेक खरेदी एकतर गरजेहून मोठी तरी होते किंवा नेमक्या रात्री अपुरी तरी पडते.

पहिली आणि सर्वांत दृढ समजूत ही की १०० वॅटची प्लेट १०० वॅट देते. प्लेटेवरचा आकडा खोटा नसतो. तो प्रयोगशाळेतल्या एका ठरावीक परिस्थितीचा असतो, जिच्यात प्रत्येक चौरस मीटरवर १००० वॅटचा प्रकाश लंबरूप पडतो आणि प्लेटेच्या पेशींचे उष्णतामान २५ अंश सेल्सिअस राखलेले असते. आपल्याकडे माध्यान्ही पहिली अट जवळपास पूर्ण होते. दुसरी मात्र क्वचितच, कारण उन्हात पसरलेल्या काळ्या प्लेटेचे अंग भोवतालच्या हवेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी सहज तापते. २५ अंशांच्या वर दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के उत्पादन घटते. एप्रिलमध्ये हवा चाळीस अंशांवर असता प्लेट पासष्टांवर जाते, म्हणजे शंभरांतले सोळा वॅट केवळ उष्णतेपायी खर्ची पडतात. आणि म्हणूनच ‘जितके ऊन कडक तितकी वीज अधिक’ ही दुसरी समजूतही तितकीच चुकीची ठरते. प्लेटेला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो. स्वच्छ आकाशाचा थंड दिवस तिला वैशाखाहून अधिक मानवतो. या तापाच्या तुटीत धूळ, वायरीतील घट आणि कोन चुकल्याने होणारे नुकसान मिळवले, म्हणजे शंभराच्या प्लेटेकडून भर दुपारी ६० ते ७५ वॅटांचीच अपेक्षा धरणे योग्य, आणि पॉवर स्टेशनच्या पडद्यावर तेवढा आकडा दिसत असेल तर प्लेट निर्दोष आहे असे खुशाल समजावे.

कोनाविषयी येथे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण बिनखर्चात मिळणारी सर्वांत मोठी बचत त्यातच आहे. नामपूर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे पावणेएकवीस अंशांवर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या उत्तरार्धात सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि तेव्हा प्लेट जमिनीवर सपाट पसरली तरी बिघडत नाही. मात्र गडकोटांच्या मुक्कामाचा खरा हंगाम थंडीचा, आणि डिसेंबर-जानेवारीत माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४६ ते ५२ अंश वर असतो. या दिवसांत सपाट पसरलेल्या प्लेटेवर त्या प्रकाशाचा पाऊणच भाग पडतो, उरलेला चतुर्थांश हकनाक वाया जातो. तीच प्लेट मागचे पाय लावून जमिनीशी सुमारे चाळीस अंशांत दक्षिणेकडे तोंड करून उभी केली, की ती तूट भरून निघते. घड्याळाच्या बाबतीतही एक सूचना करावीशी वाटते. प्रमाणवेळ ज्या रेखांशावरून ठरते त्याच्या आपण बरेच पश्चिमेस असल्यामुळे जानेवारीत आपली खरी माध्यान्ह बाराला होत नाही, ती साडेबारा-पाऊणच्या सुमारास होते. तेव्हा दहा ते तीन हा प्लेटेचा कमाईचा काळ धरून तिची जागा निवडावी. डोंगराच्या पायथ्याशी ऊन एका बाजूने उशिरा येते किंवा लवकर ओसरते, हेही आदल्या दिवशीच पाहून ठेवावे. सावलीचे नुकसान तर दिसते त्याहून फार मोठे असते: पेशी एकामागून एक साखळीने जोडलेल्या असल्यामुळे लिंबाच्या एका फांदीची सावली एका घडीवर पडली, तर पडद्यावरचा पासष्टाचा आकडा क्षणात निम्म्याखाली उतरलेला दिसतो.

आता पॉवर स्टेशनाकडे वळू. ‘तीनशेचे स्टेशन’ असे जेव्हा दुकानदार म्हणतो, तेव्हा तो तीनशे वॅट म्हणतो की तीनशे वॅट-तास, याचा खुलासा आधी करून घ्यावा. वॅट हा एका वेळी किती भार उचलता येतो त्याचा आकडा. वॅट-तास हा एकूण साठ्याचा. महावितरणच्या बिलात ज्याला आपण एक युनिट म्हणतो ते १००० वॅट-तास होत, हे ध्यानी ठेवले म्हणजे ३०० वॅट-तासांचे स्टेशन युनिटाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही किंचित कमी वीज बाळगते हे लगेच उमगते. मिलिअँपिअर-तासांच्या भव्य आकड्यांनीही दिपून जाऊ नये: वीस हजारांची पॉवर बँक आतल्या पेशीच्या ३.७ व्होल्टांनी गुणून हजाराने भागली, की ७४ वॅट-तास उरतात. शिवाय आतला इन्व्हर्टर, म्हणजे घरातल्यासारख्या पिनेची वीज देणारा भाग, नुसता चालू ठेवला तरी ताशी दहाएक वॅट-तास खातो. रात्री झोपताना त्याचे बटण बंद करण्याचे विसरले, तर काहीही न जोडता सकाळपर्यंत शंभर वॅट-तास गेलेले असतात. मोबाईल आणि दिवे शक्य तो यूएसबीवरच चालवावेत.

एक दाखला हिशेबाने मांडतो. चार जणांची मंडळी जानेवारीत नामपुराहून ताहाराबाद-मुल्हेर मार्गे मोटारीने साल्हेरवाडीस जातात आणि गडाच्या पायथ्याशी दोन रात्री मुक्काम करतात. चार मोबाईलांस दिवसाकाठी प्रत्येकी २० प्रमाणे ८० वॅट-तास, पाच वॅटचे दोन दिवे पाच तास म्हणून ५०, कॅमेरा व डोक्यावरच्या बॅटऱ्या मिळून ३०. एकूण १६०, आणि साठ्यातून काढताना होणारी घट धरून १९०. चहाची किटली या यादीत नाही याची नोंद घ्यावी: एक लिटर पाणी वीस अंशांपासून उकळीपर्यंत नेण्यास घट धरून शंभराहून अधिक वॅट-तास लागतात, आणि लहान स्टेशन किटलीचा हजार-दीड हजार वॅटचा भार मुळी उचलतच नाही. स्वयंपाकाला गॅसच न्यावा.

घरून पूर्ण भरलेले ३०० वॅट-तासांचे स्टेशन पहिल्या रात्रीनंतर ११० वर येते, म्हणजे दुसऱ्या रात्रीसाठी ८० कमी पडतात. दुसऱ्या दिवशी मंडळी १५६७ मीटर उंचीच्या त्या गडावर चढून गेलेली, आणि प्लेट खाली, ओळखीच्या घरच्यांच्या देखरेखीत, एकाच दिशेस उभी. तिला फिरवणारा कोणी नाही, म्हणून पुऱ्या जोराचे चारच तास धरू. ६० वॅटची प्लेट अशा स्थितीत सुमारे १५० वॅट-तास देते, म्हणजे गरजेच्या जवळजवळ दुप्पट. १०० वॅटची प्लेट २६० देऊ शकली असती. परंतु स्टेशनात जागाच १९० ची शिल्लक, त्यामुळे उरलेली वीज घेण्यास कोणी नाही. मोठ्या प्लेटेचा अधिक पैसा आणि अधिक वजन या मुक्कामात व्यर्थ गेले. मुक्काम एकाच रात्रीचा असता तर प्लेटेची गरजच नव्हती.

हाच हिशेब मुक्काम लांबवून केला, तर निकाल उलटतो. ६० वॅटच्या प्लेटेवर रोज ४० वॅट-तासांची तूट येते. दुसऱ्या सकाळी ११० शिल्लक असलेले स्टेशन तिसऱ्या सकाळी ७० वर, चौथ्या सकाळी ३० वर येते, आणि चौथ्या रात्री उजाडण्यापूर्वीच रिकामे होते. तेथे १०० वॅटची प्लेट लागतेच, कारण तिच्या वाढाव्यातून एखादा ढगाळ दिवस पोसला जातो. स्टेशनाचा आकार रात्रीच्या खर्चावरून ठरतो, प्लेटेचा आकार मुक्कामाच्या लांबीवरून आणि उन्हात तिला स्वस्थ ठेवता येणाऱ्या तासांवरून. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र या रांगेत तिच्यावर भरवसा ठेवू नये. भरलेले मोठे स्टेशन न्यावे.

प्रवास करता करता प्लेट साठा भरत राहील, ही समजूत विशेषतः लांबच्या मोटारप्रवासास निघणाऱ्यांत आढळते. घडीची प्लेट वाहत्या गाडीच्या टपावर बांधण्याजोगी नसते, आणि काचेआड ठेवली तर काच व चुकीचा कोन मिळून तिचे बळ बरेच हिरावून घेतात. दिवसा गाडी चालत असेल, तर गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटवरून शंभरएक वॅट निर्धास्त मिळतात. चार तासांच्या वाटचालीत ३०० चे स्टेशन त्यावर पूर्ण भरते. ज्याचा मुक्काम रोज हलतो त्याने आधी ती वायर घ्यावी.

राहिला तो जोडणीचा विषय, आणि त्यात समजूत नेमकी उलटी झालेली आहे. मोठी प्लेट लावली तर स्टेशन जळेल अशी भीती पुष्कळांना वाटते. वस्तुतः वॅट अधिक असल्याने सहसा काही बिघडत नाही, स्टेशन आपल्या कुवतीइतकेच ओढते. बिघडते ते व्होल्ट अधिक झाल्याने. स्टेशनाच्या पाठीवर सौर जोडणीखाली १२ ते २८ व्होल्ट अशासारखी मर्यादा छापलेली असते. घडीच्या १०० वॅटच्या प्लेटेचे मोकळे व्होल्ट साधारणतः २१ ते २४ असतात, ते तीत बसतात. अशा दोन प्लेटा एकापुढे एक जोडल्या की व्होल्ट दुप्पट होऊन मर्यादा ओलांडतात, समांतर जोडल्या की तेवढेच राहतात. शेतातल्या पंपाची सुटी पडलेली ५४० वॅटची प्लेट लहान स्टेशनाला लावून पाहण्याचा मोह आपल्या भागात साहजिक आहे. तिचे मोकळे व्होल्ट पन्नासाच्या घरात असतात आणि थंडीच्या सकाळी ते आणखी चढतात, म्हणून तो प्रयोग कटाक्षाने टाळावा. प्लेटेच्या मागील पट्टीवर ‘Voc’ पुढे लिहिलेला आकडा स्टेशनाच्या वरच्या मर्यादेखाली आहे ना, एवढे पाहूनच वायर खोचावी. आणि स्टेशन प्लेटेजवळ उन्हात न ठेवता लांब वायरीने डेऱ्याच्या सावलीत ठेवावे, कारण आतली लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारणतः ४५ अंशांपलीकडे भरून घेण्याचे थांबवते. भर दुपारी पडद्यावरची आवक एकाएकी शून्यावर आली आणि प्लेटेवर सावली नसली, तर आधी स्टेशनाच्या अंगाला हात लावून पाहावा. ते तापलेले असेल तर सावलीत हलवून निवू द्यावे, बहुधा थोड्याच वेळात आवक पूर्ववत सुरू होते.