एक वाक्य वाढवलं आणि पुस्तक हललं

‘एकच तर वाक्य घालायला सांगितलं होतं, मग पुढची सगळी प्रकरणं सरकली कशी?’ स्वखर्चाने पुस्तक छापून घेणारे लेखक दुसरं प्रूफ हातात पडलं की हमखास असं विचारतात. राग बहुतेक वेळा डीटीपी करणाऱ्यावर निघतो. दोष मात्र दर वेळी त्याचा नसतो.

समजा, पुस्तक १६० पानांचं आहे, म्हणजे १६ पानी १० फर्मे. तिसरं प्रकरण ५६व्या पानावर अगदी तळाशी संपतं आणि चौथं ५७वर, उजव्या पानावर सुरू होतं. तुम्ही ४७व्या पानावर एक वाक्य वाढवलंत. दोन ओळी वाढल्या, त्या पानापानाने ढकलल्या जाऊन ५७वर पोचल्या. प्रकरण उजव्याच पानावर सुरू करायचं ठरलेलं, म्हणून ५८ कोरं राहिलं आणि चौथं प्रकरण ५९वर गेलं. अनुक्रमणिकेतले पुढचे आकडे चुकले, ‘पाहा पृष्ठ ९२’ असं कुठे लिहिलं असेल तर तेही चुकलं. मजकूर १६२ पानांवर गेला, म्हणजे दोन पानांसाठी कागदाचा वेगळा हिशेब आला.

गंमत म्हणजे, वाढवलेल्या शब्दाच्या वरच्या ओळीही बदलू शकतात. इनडिझाइनमध्ये सहसा पूर्ण परिच्छेद एकदम जुळवला जातो. दोन्ही कडा सरळ राखून शब्दांमधली जागा सारखी दिसावी म्हणून शेवटी घातलेल्या शब्दासाठी आधीच्या ओळीही नव्याने तोडल्या जातात.

यावर उपाय आहे. वाक्य वाढवायचं असेल तर त्याच परिच्छेदातलं साधारण तेवढंच काय काढायचं तेही कळवा. दुरुस्ती अशी लिहा: ‘पान ४७, वरून ओळ १२, “गावी गेला” ऐवजी “गावी परतला”. पान सरकू नये.’ ‘तिसऱ्या प्रकरणात जरा बघा’ असं मोघम सांगितलंत, तर समोरचा त्याच्या मनाने बघणारच! सगळ्या दुरुस्त्या एकाच प्रुफावर, एकदाच द्या.

आणि एक कराच नका: दुरुस्त केलेली नवी वर्ड फाइल पाठवू नका. तो मजकूर पुन्हा पहिल्यापासून ओतावा लागतो. आधीच्या प्रुफावर झालेल्या दुरुस्त्या त्यात नसतील तर जुन्या चुका परत येतात, हाताने बसवलेली चित्रं आणि तळटीपा हलतात.

नवं प्रूफ आलं की नुसती दुरुस्त झालेली ओळ पाहून थांबू नका. जुनं प्रूफ शेजारी ठेवा आणि तिथून पुढे प्रत्येक पानाचा शेवटचा शब्द जुळतो का ते पाहा. ज्या पानापासून तो जुळत नाही, तिथपासून मजकूर सरकलाय. म्हणून जुनी प्रुफं पुस्तक छापून हातात येईपर्यंत रद्दीत टाकू नका.