खोडलेला ग्राहक परत येतो तेव्हा

पुण्यातल्या एका ऑनलाइन साडीच्या दुकानाचं उदाहरण घेऊ. दुकान काल्पनिक आहे, पण अडचणी खऱ्या आहेत. 10 मार्च 2026 रोजी एका ग्राहक बाईंचा मेल येतो, ‘माझं खातं बंद करा आणि माझी सगळी माहिती पुसून टाका.’ हे मागण्याचा हक्क 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याच्या कलम 12 मध्ये आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. विनंती साधी वाटते. एक नोंद शोधायची आणि खोडायची, एवढंच काम असेल असं कुणालाही वाटेल.

आधी मात्र मागणारी व्यक्ती तीच आहे ना, हे पाहावं लागतं. दुसऱ्याच कुणी मेल पाठवून एखाद्याचं खातं उडवलं, तर तेही नुकसानच. म्हणून नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवून खात्री करून घेतात. त्यासाठी नव्याने आधारची प्रत मागणं मला चुकीचं वाटतं. माहिती पुसायला आलेल्या माणसाकडून आणखी माहिती कशाला गोळा करायची?

आता डेटाबेस उघडू. या बाईंचा ग्राहक क्रमांक 48217 आहे. `customers` या टेबलात त्यांचं नाव, मोबाइल, ईमेल आणि जन्मतारीख आहे. इतर टेबलांत नाव पुन्हा लिहिलेलं नसतं, तिथे फक्त हा क्रमांक असतो. पत्त्यांच्या टेबलात तो आहे, ऑर्डरींच्या टेबलात आहे. प्रत्येक ऑर्डरला पुढे साड्यांची यादी, पैसे भरल्याची नोंद आणि जीएसटीचं बिल जोडलेलं आहे. या जोडणीला फॉरेन की म्हणतात. ऑर्डरी शिल्लक असताना ग्राहकाची ओळ काढायला गेलं, तर डेटाबेस सहसा नकार देतो, कारण त्या ऑर्डरी कुणाच्याच राहणार नाहीत. जोडणी करताना कुणी कॅस्केड हा पर्याय निवडला असेल, तर मात्र उलटं होतं. ग्राहकाबरोबर ऑर्डरी जातात, ऑर्डरींबरोबर बिलंही जातात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. वर्षअखेरीस हिशेबनीस विक्रीचा मेळ घालायला बसतो तेव्हा कुठे हे उघडकीला येतं.

बिलं अशी उडवता येत नाहीत. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 36 नुसार हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपून ठेवावी लागतात. दुसऱ्या कायद्यासाठी जे ठेवणं भाग आहे ते ठेवण्याची मुभा कलम 12 देतंच. शिवाय 2025 च्या नियमांत काही माहिती आणि लॉग किमान वर्षभर राखण्याचीही तरतूद आहे. म्हणून खोडण्याआधी प्रत्येक टेबलापुढे निर्णय लिहावा लागतो: हे काढायचं, यातली ओळख पुसायची की हे कायद्यासाठी ठेवायचं. जे ठेवायचं ते रोजच्या वापरातून काढून वेगळ्या ठिकाणी हलवायचं. ते फक्त हिशेब विभागाला दिसावं, जाहिरात विभागाला नाही.

त्यामुळे बाईंची ओळ पूर्ण काढत नाहीत. क्रमांक तसाच ठेवून त्यातली माणसाची ओळख पुसतात:

```sql
UPDATE customers
SET name = NULL, mobile = NULL,
    email = NULL, birth_date = NULL
WHERE id = 48217;
```

ऑर्डरी उभ्या राहतात आणि विक्रीचा आकडाही जुळतो. पण काही दुकानं मोबाइल नंबर रिकामा न करता त्याचा हॅश, म्हणजे गणिताने बनवलेला ठसा, ठेवतात आणि काम झालं असं मानतात. हे पुसणं नव्हे. आपले मोबाइल नंबर दहा अंकी असतात आणि 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतात. म्हणजे शक्य नंबर फार तर 400 कोटी. साधा, जलद हॅश असेल तर तेवढ्या सगळ्यांचे ठसे काढून मूळ नंबर शोधायला आजच्या संगणकाला काही मिनिटं पुरतात. `is_deleted` असा रकाना ठेवून त्यात ‘हो’ लिहिणं तर याहूनही वाईट. त्याने माहिती फक्त पडद्यावरून दिसेनाशी होते.

खरी मेहनत लागते ती जिथे ग्राहक क्रमांक पोहोचतच नाही तिथे. बाईंनी दोन वर्षांपूर्वी खातं न उघडता ‘पाहुणे’ म्हणून एक साडी घेतलेली असते, त्या ऑर्डरीत क्रमांक नाही, फक्त मोबाइल आहे. तक्रार नोंदवणाऱ्या कर्मचाऱ्याने शेऱ्याच्या रकान्यात ‘मॅडमना संध्याकाळी सहानंतर या नंबरवर फोन करा’ असं लिहून ठेवलेलं असतं. म्हणून ओळख पुसण्याआधीच मजकूर राहू शकेल अशा सगळ्या रकान्यांची यादी डेटाबेसकडूनच काढतात आणि प्रत्येकात नंबर शोधतात. तो +91 लावून, आधी शून्य लावून आणि मधे जागा सोडून, अशा सगळ्या रूपांत शोधावा लागतो. एसएमएस पाठवणारी कंपनी आणि कुरिअर यांच्याकडेही प्रती असतात. त्यांना वेगळं कळवायचं आणि काढल्याचं उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करायचा.

आता बॅकअप. आपलं दुकान रोज रात्री पूर्ण बॅकअप घेतं आणि तो 35 दिवस ठेवतं. महिनाअखेरचा बॅकअप वर्षभर राहतो. या फायली दाबून लहान केलेल्या आणि कुलूपबंद असतात. बऱ्याच ठिकाणी त्या मुद्दामच अशा ठेवतात की मुदत संपेपर्यंत मालकालाही त्यात बदल करता येऊ नये, कारण खंडणीखोर हॅकरपासून वाचवणारी तीच शेवटची प्रत असते. एका बाईंसाठी प्रत्येक फाइल उघडून, त्यातलं नाव काढून ती पुन्हा बांधली, तर बॅकअप बिघडण्याचा धोका सगळ्याच ग्राहकांच्या वाट्याला येतो. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाचं याबाबतचं मार्गदर्शन मला पटतं. बॅकअपमधली माहिती लगेच खोडता येत नसेल, तर ती कुठल्याही कामासाठी वापरायची नाही, ठरलेल्या मुदतीत तिला संपू द्यायचं आणि ग्राहकाला तसं स्पष्ट सांगायचं.

पण त्या मुदतीत बॅकअप वापरायची वेळ आली तर? 12 मार्चला लक्षात येतं की 8 तारखेपासून एका सदोष प्रोग्रॅमने साड्यांच्या किमती बिघडवल्या आहेत. 7 मार्चचा बॅकअप परत आणला जातो आणि त्याच्याबरोबर बाईही नाव, नंबर आणि वाढदिवसासकट परत येतात. 19 मार्चला गुढीपाडवा आहे. त्याआधी सवलतीचा एसएमएस त्यांना गेला, की दुकानाने दिलेला शब्द मोडलाच.

यावर उपाय म्हणजे खोडलेल्यांची नोंदवही. तिच्यात नाव किंवा नंबर लिहायचा नसतो. ग्राहक क्रमांक 48217, पाहुणे म्हणून केलेल्या ऑर्डरीचा क्रमांक आणि खोडल्याची तारीख एवढं पुरतं. बॅकअप परत आणला, की दुकान ग्राहकांसाठी उघडण्यापूर्वी ही नोंदवही वाचून सगळं खोडकाम पुन्हा चालवायचं. बरेच जण चुकतात ते नोंदवहीच्या जागेत. ती त्याच डेटाबेसात ठेवली, तर डेटाबेस 7 मार्चला मागे जातो तेव्हा तीही मागे जाते आणि 10 मार्चची नोंद तिच्यात नसते. म्हणून ती वेगळ्या यंत्रणेत ठेवावी लागते आणि सगळ्यात जास्त काळ ठेवल्या जाणाऱ्या बॅकअपपेक्षाही जास्त काळ जपावी लागते.

हे चालतं की नाही, हे संकटाच्या दिवशी कळण्यात अर्थ नाही. मधूनमधून एखादा जुना बॅकअप बाहेरच्या जगाशी संबंध नसलेल्या संगणकावर उतरवायचा, नोंदवहीप्रमाणे खोडायचं आणि मग नोंदवहीतल्या प्रत्येक क्रमांकाची ओळ उघडून पाहायची. एकही नाव किंवा नंबर सापडला, तर नवं टेबल जोडताना कुणीतरी खोडण्याच्या यादीत ते घालायला विसरलं आहे, असं बहुतेक वेळा निघतं.

बाईंना जाणारं उत्तरही याच तपशिलाने लिहायला हवं. खातं, पत्ते आणि तक्रारीतले शेरे 10 मार्चला पुसले. बिलं जीएसटी कायद्याच्या मुदतीपर्यंत फक्त हिशेबासाठी राहतील. रोजच्या बॅकअपमधली तुमची माहिती 13 एप्रिल 2026 पर्यंत आणि महिनाअखेरच्या बॅकअपमधली 28 फेब्रुवारी 2027 पर्यंत असेल. त्याआधी बॅकअप परत आणावा लागला, तर दुकान सुरू होण्यापूर्वी ती पुन्हा खोडली जाईल.