अग्निप्रदीपनाआधीचं पत्र

दसऱ्याच्या आगेमागे कोल्हापूर-सांगलीकडच्या वर्तमानपत्रांत एक फोटो हमखास दिसतो. साखर कारखान्याच्या बॉयलरपुढे रांगोळी, एखादे संचालक सपत्नीक पूजेला बसलेले, मागे फेटे बांधलेली मंडळी. खाली ओळ : ‘बॉयलर अग्निप्रदीपन उत्साहात संपन्न.’ हा विस्तव पेटण्याच्या दोन-अडीच महिने आधी कारखान्याच्या ऑफिसातून एक पत्र गेलेलं असतं. ते वेळेवर आणि नीट गेलं नसेल, तर पूजा होते, पण गव्हाणीत मोळी पडायला उशीर होतो.

सरकारी इन्स्पेक्टर म्हटलं की अचानक धाड घालणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. कारखाने निरीक्षक तसा न सांगता येऊ शकतो. बॉयलर इन्स्पेक्टरचं उलट आहे : वार्षिक तपासणीसाठी त्याला कारखान्यानंच अर्ज करून बोलवायचं असतं. बॉयलर वापरण्याचं प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं असतं, बहुधा एक वर्षाचं. मुदत संपायच्या आत नूतनीकरणाचा अर्ज बाष्पके संचालनालयाकडे गेला पाहिजे. 1923 च्या बॉयलर कायद्यानं याची चौकट घालून दिली (2025 मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला) : अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आतली तारीख इन्स्पेक्टरनं ठरवायची आणि ती मालकाला किमान दहा दिवस आधी कळवायची. हे आकडे ध्यानात घेऊनच पत्राचा दिवस ठरतो.

एक उदाहरण घेऊ. हंगाम मार्चमध्ये संपला. बॉयलर पाण्याच्या नळ्यांचा, दाब 45 किलोचा. प्रमाणपत्र 31 ऑगस्टला संपतं आणि दसरा ऑक्टोबरच्या सुरुवातीला आहे. आता दसऱ्यापासून मागं मोजायचं. उघड्या बॉयलरची तपासणी झाली की झाकणं बसवून पाण्याच्या दाबाची चाचणी घ्यायची, म्हणजे हायड्रॉलिक. तिच्यात एखादी नळी गळली तर दुरुस्ती करून पुन्हा दाब द्यायचा, त्यात आठवडा सहज जातो. मग भट्टीची नवी वीटबांधणी मंद आचेवर सुकवायची आणि वाफ धरून सेफ्टी व्हॉल्व्ह ठरल्या दाबाला उडतो का ते दाखवायचं. त्या वाफेसाठी गेल्या हंगामातला बगॅस राखून ठेवलेला असावा लागतो, कारण ऊस तर अजून शेतात उभा असतो. हा हिशेब केला की उघडी तपासणी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात व्हायला हवी, आणि पत्र जुलै संपायच्या आत जायला हवं.

अर्ज ऑनलाइन भरला तरी त्यासोबतच्या पत्राचा मजकूर चीफ इंजिनियरलाच लिहावा लागतो. तो साधारण असा :

‘महोदय, आमच्या कारखान्यातील बॉयलर, नोंदणी क्रमांक एमआर/....., याच्या प्रमाणपत्राची मुदत 31 ऑगस्ट रोजी संपत आहे. नूतनीकरणाचे शुल्क भरले असून चलन सोबत जोडले आहे. बॉयलर 18 मार्चपासून बंद असून 18 ऑगस्टपासून तपासणीसाठी रिकामा, स्वच्छ व उघडा ठेवण्यात येईल. त्यानंतरची आपल्या सोयीची तारीख कळवावी, ही विनंती. शेजारील बॉयलर त्या काळात बंद राहील. पुढील कागदपत्रे जागेवर तयार आहेत : मागील प्रमाणपत्र, तपासणी नोंदवही, हंगामाची लॉगबुके, पाण्याच्या तपासणीचे अहवाल, प्रेशर गेजच्या पडताळणीचे दाखले, बॉयलर अटेंडंट व ऑपरेशन इंजिनियर यांची प्रमाणपत्रे, तसेच नळ्या बदलण्यास मिळालेली लेखी मंजुरी, नव्या नळ्यांचे फॉर्म तीन-बी आणि वेल्डरचे प्रमाणपत्र.’

पत्र एवढंच. ‘आपला बहुमूल्य वेळ’ वगैरे मजकूर घातल्यानं तारीख लवकर मिळत नाही. नोंदणी क्रमांक मात्र जुन्या पत्रावरून उतरवू नये. तो बॉयलरवरच ठोकलेला असतो, तिथं जाऊन वाचावा. दोन-तीन बॉयलर असलेल्या कारखान्यात गेल्या वर्षीचं पत्र नक्कल करताना एकाचा क्रमांक दुसऱ्याला चिकटतो, आणि शुल्क तापनक्षेत्रावर ठरत असल्यानं चलनही चुकतं.

या पत्रातला सगळ्यात वजनदार शब्द आहे ‘उघडा’. मॅनहोल, हँडहोल आणि हेडरची झाकणं काढलेली, जाळ्यांवरची राख आणि नळ्यांवरची काजळी झाडलेली, सगळे व्हॉल्व्ह आणि कॉक खोलून मांडलेले, एवढं सगळं त्यात येतं. शेजारचा बॉयलर चालू राहणार असेल, तर त्याची वाफ आणि पाणी इकडे येणार नाही असं तोडलेलं हवं. कारण त्या दिवशी एक माणूस जेमतेम खांदे जातील एवढ्या लंबगोल भोकातून ड्रममध्ये शिरणार असतो. आत नेण्याचा दिवा 24 व्होल्टपेक्षा जास्तीचा चालत नाही. असा दिवा आदल्या दिवशी लावून पाहावा. तो ऐनवेळी शोधताना मी एका ठिकाणी अर्धा तास गेलेला पाहिला आहे, आणि त्या अर्ध्या तासात साहेबांचा चेहरा बदलत गेला.

पत्रात ‘तयार’ लिहून व्हॉल्व्ह तसेच बसवलेले ठेवले, तर इन्स्पेक्टर तपासणी नाकारून परत जाऊ शकतो. मग नवा अर्ज आणि पुन्हा तारखेची वाट. दसरा तोपर्यंत थांबत नाही.

कागदांची खरी परीक्षा मात्र नळ्यांपाशी होते. आपल्या उदाहरणात कारखान्यानं मे महिन्यात 24 नळ्या बदलायची मंजुरी घेतली. काम चालू असताना आणखी सात नळ्या झिजलेल्या निघाल्या, कंत्राटदारानं त्याही बदलल्या आणि बिलात दाखवल्या. मंजुरीपत्रात मात्र 24 च राहिल्या. इन्स्पेक्टर भट्टीत उभा राहून मोजतो, तेव्हा नव्या नळ्या 31 भरतात. त्या सातांचा फॉर्म तीन-बी कुठं आहे? तो नसेल, तर ती नळी कुठल्या पोलादाची आणि कुठल्या चाचणीतून गेलेली, हे कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही. म्हणून पत्रावर सही करण्याआधी चीफ इंजिनियरनं स्टोअरची नोंद, कंत्राटदाराचं बिल आणि मंजुरीपत्र शेजारी ठेवून संख्या जुळवावी. फरक निघाला तर वाढीव मंजुरी मागावी आणि ती हातात आल्यावर तारीख घ्यावी. आठवडा जाईल, पण हंगाम जाणार नाही.

लॉगबुकाचंही तसंच. जानेवारीतल्या एखाद्या रात्री पाणी खाली गेल्यानं बॉयलर ट्रिप झालेला असतो. ते पान स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहिण्याचा मोह काहींना होतो. अनुभवी इन्स्पेक्टर दीडशे दिवसांच्या नोंदी एकाच पेनानं, एकाच हस्ताक्षरात पाहिल्या की वही मिटतो आणि थेट ड्रमच्या पाण्याच्या रेषेपाशी, नळ्यांच्या तोंडाशी बॅटरी नेतो. पाणी कमी पडून तापलेली नळी फुगीर होते किंवा वाकते, ते कागदावर खोडून जात नाही. उलट ट्रिपची नोंद, त्यानंतर काय पाहिलं आणि काय बदललं, हे जागेवर असेल, तर तोच प्रश्न पाच मिनिटांत सुटतो.

हायड्रॉलिकच्या दिवशी गेजचा काटा स्थिर राहिला आणि नळ्यांच्या तोंडांना घाम फुटला नाही, की अर्धी लढाई झाली. मग एक काम विसरायचं नाही : चाचणीसाठी घातलेले आंधळे फ्लँज आणि सेफ्टी व्हॉल्व्हला लावलेली अडकण काढणं. घातलेल्या प्रत्येक फ्लँजला क्रमांक देऊन त्याची यादी बॉयलर हाउसच्या फळ्यावर खडूनं लिहायची, आणि तो फ्लँज जमिनीवर दिसला तरच त्याच्यापुढे रेघ मारायची.