बोटाचं पेर ठणकतंय? पू कोंडला असेल तर चिरा लागतो

आमच्या एका खलाशाच्या बोटाच्या टोकाला शिंगाळ्याचा काटा रुतला. तिसऱ्या दिवशी पेर टणक सुजलं, हात खाली सोडला की ठणका वाढायचा, रात्री झोप नाही. मंडळी, हे आत पू कोंडल्याचं लक्षण. पेरात कातडीपासून हाडापर्यंत घट्ट पडद्यांचे छोटे बंद कप्पे असतात. पुवाला पसरायला जागा नसते. दाबाने रक्त अडतं, त्यामुळे नुसत्या गोळ्यांचं औषध तिथे नीट पोचत नाही आणि हाडही सडू शकतं. डॉक्टरांनी बोट बधिर करून चिरा दिला, पू काढला, ठणका उतरला. घरी सुईने टोचू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.