कमी वापराच्या फोनसाठी रिचार्ज: आई-वडिलांचा प्लॅन कसा ठरवावा

वयस्कर आई-वडिलांच्या फोनचा वापर बहुधा ठरलेला असतो. मुलांचे, नातेवाइकांचे फोन घ्यायचे, दिवसातून एक-दोन फोन स्वतः लावायचे आणि बँकेचे किंवा गॅसचे मेसेज यायला नंबर चालू ठेवायचा. दुकानात मात्र ‘रिचार्ज करा’ एवढेच सांगितले, तर रोज दीड-दोन जीबी डेटाचा प्लॅन मारला जातो आणि त्यातला डेटा जवळजवळ सगळा वाया जातो. म्हणून कमी वापराच्या फोनसाठी आधी मुदत, मग बोलण्याची मिनिटे आणि शेवटी डेटा, या क्रमाने विचार केला की निवड सोपी होते.

मुदतीला पहिला मान देण्याचे कारण म्हणजे इनकमिंग. पूर्वी शिल्लक असली की फोन येत राहायचे. २०१८च्या अखेरीपासून खासगी कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली. आता मुदत संपली की आधी आउटगोइंग थांबते आणि काही दिवसांत इनकमिंगही बंद होते. त्याबरोबर बँकेचे ओटीपीही येईनासे होतात. मुदत संपत आल्याचे मेसेज कंपनी पाठवते, पण ते न वाचलेल्या मेसेजच्या ढिगात राहतात. महिन्याचा रिचार्ज वर्षातून तेरा वेळा करावा लागतो, कारण ‘महिना’ म्हणून विकले जाणारे बहुतेक प्लॅन २८ दिवसांचे असतात. तेरा वेळांपैकी एखादी वेळ चुकली की नेमका गरजेच्या दिवशी फोन लागत नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २३ डिसेंबर २०२४ रोजी नियम बदलले. डेटा नसलेला, केवळ कॉल आणि एसएमएसचा किमान एक तरी प्लॅन ठेवणे कंपन्यांना बंधनकारक झाले आणि अशा विशेष व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर गेली. त्यानंतर जानेवारी २०२५मध्ये जिओ, एअरटेल आणि व्ही यांनी असे प्लॅन आणले. ते शोधावे लागतात, कारण जाहिरात मुख्यतः डेटाच्या प्लॅनचीच होते.

दोन प्लॅनची तुलना छापील किमतीवरून न करता दिवसाच्या खर्चावरून करावी. किमतीला मुदतीच्या दिवसांनी भागले की तो खर्च मिळतो. एअरटेलचे २०२५च्या सुरुवातीचे दर उदाहरणादाखल घेता येतील. १९९ रुपयांचा २८ दिवसांचा प्लॅन दिवसाला सुमारे ७ रुपये ११ पैशांना पडत होता. तेरा रिचार्जचे वर्षाला २,५८७ रुपये होत. केवळ कॉलचा ८४ दिवसांचा प्लॅन ४६९ रुपयांना, म्हणजे दिवसाला सुमारे ५ रुपये ५८ पैशांना होता. केवळ कॉलचाच ३६५ दिवसांचा प्लॅन १,८४९ रुपयांना, म्हणजे दिवसाला ५ रुपये ७ पैशांना मिळत होता. दिसायला सर्वांत स्वस्त असलेला १९९चा प्लॅन वर्षाच्या हिशेबात सर्वांत महाग ठरतो. दर बदलत राहतात, पण हिशेबाची रीत तीच राहते.

यानंतर बोलण्याची मिनिटे. खासगी कंपन्यांच्या बहुतेक प्लॅनमध्ये कॉल अमर्याद असतात, तेव्हा मिनिटे मोजण्याचे कारण राहत नाही. मिनिटांची मर्यादा स्वीकारली तर मात्र खर्च आणखी खाली येऊ शकतो. २०२५च्या सुरुवातीला बीएसएनएलचा १,१९८ रुपयांचा वर्षाचा प्लॅन दर महिन्याला ३०० मिनिटे, ३ जीबी डेटा आणि ३० एसएमएस देत होता. त्याचा दिवसाचा खर्च सुमारे ३ रुपये २८ पैसे होता. तीनशे मिनिटे म्हणजे रोज दहा मिनिटे, तीही फक्त लावलेल्या फोनची. आलेल्या फोनची मिनिटे त्यातून जात नाहीत. आईवडील फोन लावून तासभर बोलत असतील, तर हा प्लॅन पुरणार नाही. मुलेच फोन करत असतील, तर सहज पुरेल. फोनमधल्या कॉल टायमरमध्ये लावलेल्या कॉलची एकूण मिनिटे दिसतात. ती आज आणि महिन्याने पाहून वजाबाकी केली, की खरा वापर कळतो.

डेटाचा प्रश्न हँडसेटवर अवलंबून आहे. साधा बटणांचा फोन असेल, तर डेटाला पैसे घालण्याचे कारणच नाही. स्मार्टफोन असेल, तर मात्र दोन प्लॅनमधला फरक पाहावा. वरच्याच काळात एअरटेलचा ३६५ दिवसांचा, २४ जीबी डेटासह प्लॅन १,९९९ रुपयांना होता, म्हणजे केवळ कॉलच्या प्लॅनपेक्षा फक्त १५० रुपये जास्त. महिन्याला दोन जीबी डेटा त्यात साडेबारा रुपयांना पडतो. नातवंडांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल होत असेल, तर हे पैसे सत्कारणी लागतात. घरात वाय-फाय असेल आणि फोन घराबाहेर फारसा जात नसेल, तर तेही वाचतात. मर्यादित डेटा बहुधा व्हिडिओ कॉलपेक्षा आपोआप उतरणाऱ्या व्हिडिओंनी आणि ॲपच्या अपडेटनी संपतो. म्हणून व्हॉट्सॲपमधील ऑटो-डाउनलोड बंद करावे आणि अपडेट फक्त वाय-फायवर ठेवावेत. केवळ कॉलचा प्लॅन घेतला आणि वेगळा टॉपअपही मारला, तर मोबाइल डेटा बंद ठेवावा, नाहीतर ती शिल्लक डेटात जाऊ शकते. डेटा बंद करण्यासाठी 1925 या क्रमांकावर STOP असा एसएमएस पाठवता येतो.

समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका गावात सत्तरी ओलांडलेल्या आई राहतात. त्यांच्याकडे बटणांचा टू-जी फोन आहे, दिवसाला पाच-सात मिनिटे त्या स्वतः फोन लावतात आणि पेन्शनचा मेसेज याच नंबरवर येतो. इथे जिओ आपोआप बाद होते, कारण त्या कंपनीचे टू-जी नेटवर्क नाही आणि तिचे सिम अशा हँडसेटवर चालत नाही. महिन्याला दोनशे मिनिटांच्या आसपासचा वापर पाहता बीएसएनएलचा प्लॅन सर्वांत स्वस्त पडेल, पण घराच्या आत, स्वयंपाकघरात आणि झोपायच्या खोलीत रेंज मिळाली तरच. रेंज नसेल, तर वाचलेल्या सहाशे-सातशे रुपयांना अर्थ राहत नाही. तिथे ज्या कंपनीची रेंज आहे, तिचा केवळ कॉलचा वर्षाचा प्लॅनच योग्य.

वर्षाच्या प्लॅनला एक मर्यादा आहे. मध्येच नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट केला, तर उरलेली मुदत बुडते. म्हणून कंपनी बदलायची असेल, तेव्हा पहिला रिचार्ज २८ दिवसांचाच करावा, रेंज आणि मिनिटे तपासावीत आणि मगच वर्षाचे पैसे भरावेत.

वीस रुपये शिल्लक ठेवली की फोन चालू राहतो, हा समजही दुरुस्त करायला हवा. ट्रायच्या नियमानुसार ९० दिवस वापर झाला नाही आणि शिल्लक वीस रुपयांपेक्षा कमी असेल, तर नंबर बंद होऊ शकतो. पुरेशी शिल्लक असल्यास वीस रुपये कापून तो नंबर तीस दिवस राखला जातो. त्यातून नंबर वाचतो, कॉलची सेवा मिळत नाही.

रिचार्ज झाल्यावर मुदत संपण्याची तारीख मुलांनी स्वतःच्या कॅलेंडरमध्ये, आठवडाभर आधीच्या आठवणीसह, नोंदवावी आणि घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरही मोठ्या अक्षरात लिहून ठेवावी.